तुर्की कॉफी: सगळा खेळ जेझ्वेच्या गळ्याशी

तुर्की कॉफी म्हणजे पिठासारखी बारीक दळलेली कॉफी, लांब दांड्याच्या लहानशा भांड्यात गार पाण्यापासून मंद आचेवर चढवायची, फेस वर आला की उतरवायची आणि न गाळता पेल्यात ओतायची. चाळण नाही, कागद नाही, यंत्र नाही. गाळ पेल्याच्या तळाशी बसतो आणि तिथेच राहू द्यायचा असतो. कृती एका वाक्यात सांगून होते, तरी पहिल्या खेपेला बहुतेकांच्या पेल्यात वर फेसाचा थर नसतो आणि खाली कडू, राखेसारखं पाणी असतं. फेस का बनतो आणि का मोडतो हे एकदा कळलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

फेस कुठून येतो

कॉफीची बी भाजताना तिच्या आत कार्बन डायऑक्साइड वायू साठतो. पूड गरम पाण्यात भिजली की तो वायू आणि कणांमध्ये अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. साध्या पाण्यात हे बुडबुडे लगेच फुटले असते. इथे कॉफीतून उतरलेले पदार्थ आणि अगदी बारीक कण त्यांच्याभोवती लेप धरतात, त्यामुळे ते टिकतात आणि एकावर एक रचले जाऊन पृष्ठभागावर दाट, तपकिरी साय धरते. तुर्कस्तानात तिला कोप्युक म्हणतात. ग्रीसमध्ये हीच कॉफी ब्रिकी नावाच्या भांड्यात होते आणि फेसाला काइमाकी म्हणतात. हा शब्द मूळ तुर्की सायीचाच.

ही साय भांड्याच्या तोंडाशी झाकणासारखी बसते. खालचं पाणी तापतं, वाफ साचते आणि साय वर ढकलली जाते. इथपर्यंत सगळं आपल्या बाजूचं आहे. पण पाण्याला खळखळून उकळी फुटली की मोठे बुडबुडे सायीला खालून भोकं पाडतात, लेप मोडतो आणि दोन-चार सेकंदांत फेस नाहीसा होतो. तो पुन्हा धरत नाही, कारण बराचसा वायू तोवर निघून गेलेला असतो. थोडक्यात, कॉफी उकळीच्या अगदी उंबरठ्यापर्यंत न्यायची आणि उंबरठा ओलांडायच्या आत मागे घ्यायची.

भांडं

या भांड्याला तुर्कस्तानात जेझ्वे म्हणतात. तळ रुंद, वर निमुळता गळा, गळ्याच्या वर पुन्हा थोडं पसरट तोंड, एका बाजूला ओतायला चोच आणि आचेपासून हात लांब राहील असा दांडा. यातला निमुळता गळा सगळ्यात महत्त्वाचा. पातळ पसरलेला फेस गळ्यात शिरला की आपोआप दाट होतो, आणि पृष्ठभाग लहान असल्याने तो लवकर गार पडून मोडत नाही.

म्हणूनच फोडणीच्या कढल्यात ही कॉफी जमत नाही. दांडा आहे, आकार लहान आहे, पण तोंड तळाइतकंच किंवा त्याहून रुंद. फेस पसरून पापुद्र्यासारखा होतो आणि वर चढण्याआधी कडेला करपतो. चहाच्या छोट्या पातेल्याचंही तेच.

दुसरी गोष्ट मापाची. जेझ्वे पेल्यांच्या हिशेबाने मिळतं: एक पेल्याचं, दोन पेल्यांचं, चार पेल्यांचं. पाणी आणि कॉफी घातल्यावर पातळी गळा सुरू होतो तिथपर्यंत आली पाहिजे. चार पेल्यांच्या भांड्यात एकच पेला केला तर कॉफी रुंद भागातच राहते, गळ्यापर्यंत पोहोचायच्या आत उकळते आणि फेस जातो. उलट गळ्याच्या वरपर्यंत भरलं तर फेसाला चढायला जागा उरत नाही आणि सगळं शेगडीवर उतू जातं. घरात एकच भांडं घ्यायचं असेल तर दोन पेल्यांचं घ्या. काठोकाठ भरल्यावर साधारण 200 मिलिलिटर पाणी मावेल असं. त्यात दोन पेले उत्तम होतात. एक पेला हवा असला तरी त्यात दोन करणं बरं.

धातूंमध्ये तांबं सर्वांत चांगलं, कारण उष्णता सगळीकडून सारखी पसरते आणि उतरवल्याबरोबर तापणं मंदावतं. मात्र आतून कल्हई हवीच. कॉफी आम्लधर्मी असते आणि उघड्या तांब्या-पितळेत ती करू नये. तुर्की भाषेत कथिलाला कलाय म्हणतात, आपली कल्हईही त्याच शब्दकुळातली. कथिल 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रिकामं जेझ्वे आचेवर ठेवलं तर कल्हई क्षणात गोळा होते. आधी पाणी, मग आच, हा क्रम चुकवू नका. स्टीलचं जेझ्वे स्वस्त आणि निर्धास्त, फक्त त्यात तळ लवकर तापतो, त्यामुळे आच आणखी मंद ठेवावी लागते.

पूड

कॉफीच्या सगळ्या प्रकारांत ही पूड सर्वांत बारीक. एस्प्रेसोच्या दळणाहूनही बारीक, कोको पावडरच्या जवळ जाणारी. दोन बोटांत चोळली तर रवाळपणा लागता कामा नये. आपल्याकडे औषधी चूर्णाला वस्त्रगाळ म्हणतात, तेच माप इथे धरा. जाडसर कण जड असतात; ते फेस धरत नाहीत आणि लवकर बुडतात, शिवाय तीन-चार मिनिटांत त्यांच्यातून पुरता अर्क उतरत नाही, त्यामुळे कॉफी पाणचट आणि आंबट लागते.

1871 साली इस्तंबूलमध्ये मेहमेत एफेंदी यांनी भाजून दळलेली तयार कॉफी विकायला सुरुवात केली. त्याआधी लोक कच्ची बी आणून घरी भाजत आणि हातजात्यावर किंवा खलात बारीक करत. आजही तयार तुर्की पूड विकत घेणं हाच नवख्या माणसासाठी सरळ मार्ग आहे. पुण्या-मुंबईत आयात माल विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. कॉफी दळून देणाऱ्या दुकानात चिकमगळूर किंवा कूर्गची अरेबिका मध्यम भाजणीची घेऊन यंत्राच्या सर्वांत बारीक खुणेवर दळून मागता येते, पण सगळ्याच चक्क्या इतकं बारीक दळू शकत नाहीत. दळल्यावर तिथेच चिमूट चोळून पाहा.

घरच्या मिक्सरमध्ये हे दळण एका झटक्यात होत नाही. पातं काही कणांचं पीठ करतं आणि काही तसेच ठेवतं, आणि सलग फिरवलं तर पूड तापून वास उडतो. दुसरं काहीच नसेल तर लहान भांड्यात पाच-पाच सेकंदांचे झटके द्या, मैद्याच्या चाळणीतून चाळा, वर राहिलेलं पुन्हा फिरवा, आणि शेवटी उरलेला जाडसर भाग यात न घालता फिल्टरसाठी ठेवा.

फिल्टर कॉफीची दक्षिणी पूड वापरण्याचा मोह टाळा. ती बहुधा जाडसर असते आणि तिच्यात चिकोरी असते. दुधात चिकोरीचा जळका गोडवा छान मिसळतो. इथे दूध नाही, त्यामुळे तोच कडवटपणा उघडा पडतो. झटपट विरघळणाऱ्या कॉफीला तर गाळच नसतो, ती या कृतीत बसतच नाही.

उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा. एवढी बारीक पूड हवेला फार उघडी असते, वायू आणि वास दोन्ही झपाट्याने जातात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, ती दमट होऊन तिच्या गुठळ्या होतात आणि अशा पुडीवर फेस धरत नाही. फ्रिजमधून डबा काढून लगेच उघडला तरी आत दव धरतं, म्हणून डबा लहान ठेवा आणि बाहेरच ठेवा.

दोन पेल्यांची कृती

पेला लहान असतो, साधारण 70 मिलिलिटरचा. तुर्की नाव फिंजान. दोन पेल्यांसाठी 140 मिलिलिटर गार पाणी, 14 ग्रॅम कॉफी आणि साखर. म्हणजे कॉफीच्या दहापट पाणी. वजनकाटा नसेल तर प्रत्येक पेल्याला चहाचे दोन शीग भरलेले चमचे धरा आणि पाणी त्याच पेल्याने मोजा. पाणी पिण्याचं, गाळलेलं, खोलीच्या तापमानाचं असावं. वेळ वाचवायला गरम पाणी घेऊ नका. गार पाण्यापासून उकळीपर्यंतची ती तीन-चार मिनिटं हाच या कॉफीचा अर्क उतरण्याचा काळ असतो. तो कापला तर चव आणि फेस दोन्ही कापले जातात.

साखर नंतर घालता येत नाही, कारण ढवळलं की फेस मोडतो आणि बसलेला गाळ उठतो. म्हणून करण्याआधी प्रत्येकाला विचारायचं. तुर्कस्तानात चार उत्तरं ठरलेली आहेत: सादे म्हणजे बिनसाखरेची (फारसीतून तिकडे गेलेला हा शब्द, आपल्याकडचा सादा), आझ शेकेरली म्हणजे पेल्याला अर्धा चमचा, ओर्ता म्हणजे एक चमचा आणि शेकेरली म्हणजे दोन. एका भांड्यात एकच गोडी होते. एकाला सादी आणि दुसऱ्याला गोड हवी असेल तर दोनदा करावी लागते. आधी सादी करा, म्हणजे मध्ये भांडं धुवायला नको.

आता दोन ओर्ता पेले धरू. जेझ्वेत 140 मिलिलिटर पाणी घाला, त्यात दोन चमचे साखर, वर 14 ग्रॅम कॉफी. लाकडी चमच्याने, भांडं अजून ओट्यावर असतानाच, चांगलं ढवळा. ही पूड पाण्यावर तरंगते आणि तिच्या गुठळ्या बाहेरून ओल्या, आतून कोरड्या राहतात. कडेला दाबून त्या फोडाव्या लागतात. वीस-पंचवीस फेरे तरी लागतात. पृष्ठभाग सारखा, गडद, चिखलासारखा दिसला आणि कोरडा ठिपका उरला नाही की चमचा बाजूला ठेवा. यापुढे ढवळायचं नाही.

आता आच. निखाऱ्यावर किंवा तापलेल्या वाळूत ठेवून करण्याची जुनी रीत आहे, ती दोन्ही ठिकाणी उष्णता मंद आणि सगळीकडून मिळते म्हणून. आपल्या गॅसच्या लहान बर्नरची ज्योतही जेझ्वेच्या तळाबाहेर येते आणि भिंती चाटते. तिथे कॉफी आधी उकळते, मध्यभाग मागे राहतो आणि एका बाजूने फेस फुटतो. यावर सोपा उपाय म्हणजे लोखंडी तवा. तो मंद आचेवर आधी तापवून घ्या आणि त्यावर जेझ्वे ठेवा. एखाद-दोन मिनिटं जास्त लागतील, पण उष्णता फक्त तळाला आणि सारखी मिळेल. भांडं उचललं की तापणं तिथेच थांबतं, त्यामुळे तवा गरम राहिला तरी बिघडत नाही. तव्याऐवजी लहान भांड्यांसाठीची जाळी वापरली तर भांडं डगमगत नाही, पण ज्योत अगदी बारीक ठेवावी लागते. इंडक्शनवर तांब्या-पितळेचं जेझ्वे तापत नाही आणि स्टीलचं असलं तरी तळ इतका लहान असतो की शेगडी त्याला ओळखतही नाही. तिथे मध्ये लोखंडी तवा ठेवूनच काम होतं.

पहिली दीड-दोन मिनिटं काही घडत नाही. मग कडेने बारीक वलय दिसू लागतं, गडद पृष्ठभागाभोवती फिकट तपकिरी कडा. इथून नजर हलवू नका. वलय आत सरकत जातं, मधला काळा डाग लहान होतो, आणि पृष्ठभाग फुगून गळ्यात शिरतो. मधला डाग बंद व्हायच्या बेतात असताना, फेस तोंडाच्या काठाखाली बोटभर असताना, भांडं उचला. उचलल्यावरही तो क्षणभर चढतो, म्हणून काठापर्यंत थांबू नका. पृष्ठभागावर एखादा मोठा बुडबुडा फुटताना दिसला तर समजा, दोन सेकंद उशीर झाला.

या पहिल्या फेसातून चहाच्या चमच्याने दोन-दोन चमचे प्रत्येक पेल्यात घाला. आधी फेस वाटून घेण्याचं कारण असं की ओतताना तो सगळा पहिल्या पेल्यात जातो आणि दुसऱ्याला नुसती कॉफी उरते. तुर्की घरात पाहुण्यापुढे बिनफेसाचा पेला ठेवणं कमीपणाचं समजतात.

भांडं पुन्हा आचेवर ठेवा. या वेळी फेस पंधरा-वीस सेकंदांतच चढतो. चढला की लगेच उतरवा. तिसऱ्यांदा चढवण्याचीही पद्धत आहे, पण प्रत्येक चढीला कॉफी थोडी अधिक कडू होते आणि फेस थोडा पातळ होतो. मध्यम भाजणीच्या पुडीला दोन चढी पुरतात. गडद भाजणीची असेल तर एकच करा.

अर्धा मिनिट थांबून ओता. भांडं पेल्याच्या काठाशी अगदी जवळ आणा आणि कडेच्या आतल्या बाजूने हळू धार सोडा, म्हणजे चमच्याने घातलेला फेस कॉफीवर तरंगत वर येतो. उंचावरून ओतलं तर धार त्याला भेदते. आधी दोन्ही पेले अर्धे भरा, मग पुन्हा पहिल्यापासून पुरे करा, म्हणजे गाळही सारखा वाटला जातो. काही पाणी गाळातच राहतं, त्यामुळे पेले काठोकाठ भरणार नाहीत. ते तसंच असतं.

पेला लगेच तोंडाला लावू नका. दीड-दोन मिनिटांत गाळ खाली बसतो आणि कॉफीही पिण्याजोगी निवते. सोबत गार पाण्याचा पेला द्यायचा, तो आधी पिऊन तोंड स्वच्छ करायचं. चमचा देत नाहीत. शेवटचा घोट जाडसर लागायला लागला की थांबायचं. खाली उरतो तो तेल्वे, म्हणजे गाळ. पेला बशीवर पालथा घालून त्या गाळाच्या नक्षीतून भविष्य वाचायची हौस तिकडे अजून जिवंत आहे. 2013 साली युनेस्कोने तुर्की कॉफीची संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली तेव्हा तिच्यात हे सगळं धरलं होतं, नुसती कृती नव्हे.

बिघडलं तर काय पाहायचं

फेस अजिबात आला नाही तर आधी पुडीवर संशय घ्या. शिळी किंवा जाडसर पूड कितीही काळजी घेतली तरी फेस देत नाही. पूड चांगली असूनही नसेल तर भांड्यातली पातळी गळ्यापर्यंत होती का ते बघा. फेस आला आणि उतरवण्याआधी गेला, तर आच मोठी होती. एकूण वेळ दोन मिनिटांच्या आत लागला असेल तर हेच कारण. पुढच्या वेळी तवा घ्या.

फेस आला पण त्यात पांढुरके मोठे बुडबुडे दिसतात, साबणाच्या पाण्यासारखे, तर तो उकळीचा फेस. चांगला फेस बारीक, घट्ट आणि भुऱ्या रंगाचा असतो. पेल्यात तो काही मिनिटं तग धरतो. फेसात कोरडे काळे ठिपके असतील तर सुरुवातीचं ढवळणं कमी पडलं.

कॉफी कडू आणि करपट लागली तर उकळी फुटली किंवा भाजणी फार गडद होती. आंबट आणि पातळ लागली तर दळण जाड किंवा वेळ कमी. तोंडात पीठ आल्यासारखं वाटलं तर गाळ बसू दिला नाही, किंवा पेल्यात चमचा फिरवला गेला.

वेलदोडा घालायचा असेल तर अरबी घरांच्या पद्धतीने घाला: दोन पेल्यांना एका वेलदोड्याचे दाणे, कॉफीइतकेच बारीक करून, कोरड्या पुडीतच मिसळून. अख्खा ठेचून टाकलेला वेलदोडा फेस फोडतो. आणि दूध यात घालू नका. ते स्वतः उतू जातं, त्याची साय आणि कॉफीचा फेस यांत फरक कळेनासा होतो, मग उतरवायची वेळ साधत नाही.

बोस्नियातली जेझ्वाची रीत वेगळी आहे हेही माहीत असू द्या, कारण दोन्ही कृती एकत्र करून अनेकांचा गोंधळ होतो. तिथे पाणी वेगळं उकळतात, कोरडी पूड भांड्यात किंचित तापवतात, तिच्यावर उकळतं पाणी ओततात आणि पुन्हा क्षणभर चढवतात. तिथे गरम पाणी बरोबर आहे, कारण पूड आधी तापलेली असते. साखरही वेगळी देतात. एकावेळी एकच रीत धरा.

गाळलेली नसल्यामुळे या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक राहतो, जो कागदी गाळणीत अडकला असता. त्याने रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं. ज्यांचं आधीच वाढलेलं आहे त्यांनी रोजची ठेवू नये, डॉक्टरांना विचारून अधूनमधून घ्यावी.

भांडं गार झाल्यावर कोमट पाण्याने आणि मऊ कापडाने धुवा. तारेची घासणी आणि चिंच कल्हईच्या बाजूला लावू नका. आतून लालसर तांबं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई करून घेईपर्यंत त्यात कॉफी करू नये. गाळ मोरीत ओतू नका; इतका बारीक चिखल नळीच्या वळणात बसतो आणि घट्ट होतो. कागदावर काढून कचऱ्यात टाका, किंवा कुंडीतल्या मातीत थोडा थोडा मिसळा.